पलंग रोज मिटतो का?

दुपारी चार वाजता एका वन-आरकेमध्ये गेले होते. भिंतीत मिटणारा पलंग दोन वर्षांपूर्वी करून घेतलेला, पण तो उघडाच होता. त्यावर धुतलेले कपडे होते, शाळेचं दप्तर होतं आणि कडेला बसून आजोबा पेपर वाचत होते. "रोज कोण मिटवणार, ताई?" घरातल्या बाई म्हणाल्या. मी पलंग नीट पाहिला. यंत्र ठीक चालत होतं. अडचण उशांची होती. चार उशा, दोन चादरी आणि एक जाड रजई ठेवायला त्या घरात दुसरी जागाच नव्हती. पलंग मिटवला की हा सगळा पसारा खुर्चीवर जायचा आणि मग बसायला खुर्ची उरायची नाही.

लहान घरं सजवण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. फोल्डिंगचं फर्निचर मोडून बंद पडलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. वापर थांबला म्हणून बंद पडलेलं मात्र पुष्कळ पाहिलं. म्हणून हल्ली नकाशा काढण्याआधी मी एकच गोष्ट मोजते. एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जाताना किती वस्तू उचलाव्या लागतात आणि त्या जातात कुठे? दोनपेक्षा जास्त वस्तू उचलाव्या लागल्या, तर महिन्याभरात तो पलंग कायमचा उघडा राहतो. आपल्या चाळींनी हे कधीच ओळखलं होतं. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खं कुटुंब झोपायचं, कारण सकाळी अंथरुणाची वळकटी व्हायची आणि वळकटीची जागा ठरलेली असायची, खाटेखाली किंवा पोटमाळ्यावर.

या विषयावर बोलताना हाँगकाँगचे वास्तुरचनाकार गॅरी चँग यांच्या घराचं उदाहरण नेहमी निघतं. त्यांचं घर ३४४ चौरस फुटांचं. छतावरच्या रुळांवर सरकणाऱ्या भिंती, भिंतीमागून निघणारं स्वयंपाकघर आणि एका जागेच्या २४ रचना. ते घर विलक्षणच आहे, पण त्यात एक माणूस राहतो. एका माणसाची कामं एकामागून एक होतात. तो जेवत असताना झोपत नाही. आपल्याकडच्या स्टुडिओ फ्लॅटमध्ये तीन माणसं एकाच वेळी तीन कामं करत असतात आणि खरी परीक्षा तिथे असते.

मुलुंडच्या एका घराचं काम सांगते. कारपेट सुमारे अडीचशे चौरस फूट. मुख्य खोली १० फूट रुंद आणि १६ फूट लांब, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी. ओटा आणि बाथरूम दाराच्या बाजूला. स्लॅबची उंची साडेनऊ फूट. आई शिक्षिका, सकाळी सहाला उठणारी. वडील परदेशी कंपनीचं काम घरून करणारे, रात्री एक वाजेपर्यंत फोनवर. मुलगी दहा वर्षांची. त्यांना आधी सोफा-कम-बेड हवा होता. मी कागदावर चोवीस तास आखले आणि कोण कुठे असतं ते भरायला सांगितलं. दिवसभर अडचण नव्हती. रात्री दहा ते एक या तीन तासांत दोघींना अंधार हवा होता आणि एकाला दिवा. सोफा-कम-बेडने हे सुटणारं नव्हतं.

म्हणून खोलीचे दोन भाग केले. खिडकीकडचे ९ फूट झोपण्यासाठी आणि दाराकडचे ७ फूट वडिलांच्या टेबलासाठी व जेवणासाठी. मध्ये सरकता पडदा.

झोपायच्या भागात एका भिंतीला आईवडिलांचा मिटणारा पलंग. तो उभा मिटवायचा की आडवा, यावर आम्ही दोन दिवस घालवले. उभा मिटणारा पलंग उघडला की भिंतीपासून जवळजवळ सात फूट पुढे येतो. १० फुटांच्या खोलीत उरतात ३ फूट आणि त्यात समोरचं अभ्यासाचं टेबल २० इंच खातं. मग रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला आडवं चालावं लागलं असतं. आडवा मिटणारा पलंग फक्त ६४ इंच पुढे येतो. टेबल धरूनही ३ फुटांची वाट उरते. शिवाय त्याची पेटी बुटकी असते, त्यामुळे वर कपाट बसलं आणि अंथरूण त्या कपाटात गेलं. याची किंमतही आहे. भिंतीकडे झोपणाऱ्याला दुसऱ्यावरून ओलांडून उठावं लागतं. आईला लवकर उठायचं म्हणून ती कडेला झोपते.

समोरच्या भिंतीला मुलीचा लॉफ्ट बेड. लॉफ्टचं सगळं गणित उंचीचं असतं आणि ते वरून खाली करायचं असतं. साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच. गादीवर ताठ बसता यायला ३६ इंच लागतात. मुलीला आज कमी पुरलं असतं, पण ती वाढणार आहे. गादी ४ इंच, खालची चौकट आणि प्लाय ४ इंच. उरले ७० इंच, म्हणजे पाच फूट दहा इंच. एवढ्या उंचीखाली मोठ्या माणसाला मोकळेपणाने वावरता येत नाही, म्हणून तिथे उभं राहून करायचं काम ठेवायचं नाही. आम्ही अभ्यासाचं टेबल ठेवलं. नऊ फुटांच्या घरात तर खाली ६४ इंचच उरतात, आणि फॉल्स सीलिंग असेल तर आणखी कमी. अशा घरात लॉफ्ट बेडचा आग्रह धरू नये. तीन फूट उंचीच्या चौथऱ्यावर गादी आणि खाली खोल खण केले तर ते रोज वापरले जातात. सर्वांत वरच्या मजल्यावर आणखी एक अडचण. एप्रिल-मेमध्ये तापलेला स्लॅब झोपणाऱ्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर येतो.

मुलुंडच्या घरात मला सर्वांत जास्त काळजी पंख्याची होती. पंखा छताच्या मध्यावर, म्हणजे भिंतीपासून ६० इंचांवर. त्याचं पातं २४ इंचांचं. म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून ३६ इंचांवर फिरणार आणि लॉफ्टची कड ३३ इंचांवर. झोपेत हात बाहेर आला तर मध्ये फक्त ३ इंच. नकाशावर पंखा बहुधा काढलेलाच नसतो, म्हणून ही चूक काम संपल्यावर लक्षात येते. आम्ही तो पंखा काढला आणि भिंतीवरचे दोन बसवले. कठडा गादीच्या वर एक फूट ठेवला. त्याची उंची गादीच्या पृष्ठापासून मोजायची असते, चौकटीपासून नाही. नंतर जाड गादी आणली की कठडा तेवढा बुटका होतो.

पलंगाची पेटी बसवताना भिंतीने धक्का दिला. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट, बिट जेमतेम सरकून राखाडी धूळ आली तर काँक्रीट. इथे बिट लोण्यात शिरावं तसं गेलं आणि पांढुरकी भुकटी पडली. हलक्या ब्लॉकची भिंत. त्यात नेहमीचा फासनर आवळताना घट्ट वाटतो, पण पलंग खाली ओढताना पेटी पुढे कलते आणि रोजच्या हिसक्याने भोक मोठं होत जातं. भिंत आणि पेटी यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसू लागणं ही पहिली खूण. आम्ही पेटीचं वजन जमिनीवर घेतलं आणि वरचं कपाट व पेटी दोन लोखंडी अँगलनी थेट बीमला धरून ठेवली. बीमला छोटी भोकं पाडायची म्हणून सोसायटीची लेखी परवानगी आणि इमारतीच्या इंजिनिअरचं मत आधी घेतलं होतं.

तरी चूक झालीच आणि ती माझी होती. पलंग उचलणारे गॅस पंप मी ५ इंची फोमच्या गादीचा हिशेब करून निवडले. पंपाच्या नळीवर त्याची ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते आणि ती पलंग व गादीच्या एकत्र वजनाशी जुळावी लागते. हे मी कुटुंबाला नीट सांगितलं नाही. त्यांनी आजीची कापसाची जाड गादी आणली. पलंग उचलेना आणि पेटीचं तोंडही बंद होईना. आईची पाठ धरली, तेव्हा मला फोन आला. आता मी गादीची जाडी आणि वजन पेटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवते. पंप बरोबर आहेत का, हे पाहायची सोपी रीत आहे. गादीसकट पलंग अर्ध्यावर आणून हात अगदी सैल करावा. तो जवळपास तिथेच थबकला तर ठीक. दाणकन खाली येत असेल तर पंप कमी ताकदीचे, आणि रिकामा पलंग खाली टेकून राहतच नसेल तर जास्त.

पडद्याला तीन रुळांवरची तीन पॅनेल केली. प्रत्येक ४२ इंचांचं. उघडल्यावर तिन्ही एकामागे एक जातात आणि साडेसहा फूट मोकळे होतात. पॅनेल वर लटकतात, खाली जमिनीत फक्त एक लहान मार्गदर्शक खिळा, म्हणून केर अडकत नाही आणि कोणी ठेचकाळत नाही. मात्र रूळ स्लॅबला किंवा बीमला धरलेला हवा. जिप्समच्या छताला अडकवलेला रूळ वर्षभरात झुकतो आणि पॅनेल आपोआप एका बाजूला घरंगळू लागतं. प्लायला दोन्ही बाजूंनी सनमायका लावला, कारण एकाच बाजूला लावलेलं उंच पॅनेल पावसाळ्यात बाक धरतं आणि शेजारच्याला घासतं.

उजेड अडला, आवाज नाही. हे मी आधीच सांगितलं होतं. सरकत्या पडद्याला कडेने फटी असतातच आणि बोलणं त्यातून येतं. कडांना ब्रशच्या पट्ट्या लावल्या, आतून जाड कापडी पडदा सोडला, वडिलांचं टेबल पडद्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात नेलं. बोलण्याची धार कमी झाली, बोलणं ऐकू येतंच. मुलगी झोपते. आईला सवय व्हायला दोन महिने लागले. शांतता हीच पहिली गरज असेल, तर भरीव भिंतीला पर्याय नाही.

सुताराला बोलावण्याआधी या घरात आम्ही चार रात्री तालीम केली होती. जमिनीवर चिकटपट्टीने पलंग आखला, पडद्याच्या जागी दोरीवर दोन जुन्या साड्या टाकल्या. दुसऱ्याच रात्री कळलं की फ्रिजचं दार उघडलं की वडिलांची खुर्ची मागे सरकत नाही. टेबल तेव्हाच नऊ इंच हलवलं.

परवा त्यांच्याकडे गेले तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. आईने दोन चादरी आणि उशा वरच्या कपाटात टाकल्या आणि एका हाताने पलंग वर ढकलला. शेवटच्या वीतभर अंतरात तिला थोडा जोर लावावा लागला. पंप थकायला लागले आहेत. पुढच्या महिन्यात दोन्ही एकदमच बदलायचे आहेत, कारण एकच नवा घातला तर पलंग तिरका उठतो.