ओव्हनचा केक एअर फ्रायरमध्ये

ओव्हनच्या पाककृतीत १८० अंश लिहिलेले असतील तर एअर फ्रायर १६० वर लावायचा आणि वेळ साधारण पाव भागाने कमी करायची, हा नियम बहुतेकांच्या कानावर आलेला असतो. नियम बरोबर आहे, पण तो सगळ्या पदार्थांना सारखा लागू पडत नाही. बटाट्याच्या फोडी त्या नियमाने छान होतात आणि त्याच नियमाने केलेला केक मात्र वरून करपतो, आतून चिकट राहतो. असं का होतं ते कळलं की प्रत्येक पदार्थासाठी वेगळा तक्ता शोधावा लागत नाही.

साध्या ओव्हनमध्ये गरम हवा बरीचशी संथ असते. पदार्थातून निघालेली वाफ त्याच्याभोवतीच रेंगाळते, त्यामुळे पृष्ठभाग सावकाश तापतो. एअर फ्रायरमधला पंखा ती दमट हवा सतत हटवतो आणि तिच्या जागी कोरडी, गरम हवा आणतो. म्हणून कमी तापमानातही वरची बाजू लवकर सुकते आणि लाल होते. पण पंख्याचा जोर तिथेच संपतो. पदार्थाच्या आत उष्णता आपल्या गतीनेच शिरते. बटाट्याची फोड बारीक असल्यामुळे उष्णता आतवर चटकन पोचते. म्हणून ओव्हनमध्ये २०० अंशांवर ४० मिनिटं घेणाऱ्या फोडी इथे १८० वर अर्ध्या तासात होतात. अट एवढीच की त्या एका थरात पसरायच्या आणि मधे एकदा हलवायच्या. केकचं मिश्रण मात्र दोन इंच जाड असतं. त्याच्या बाबतीत तापमान कमी करायचंच, पण वेळ फारशी वाचेल अशी अपेक्षा ठेवायची नाही.

रव्याचा केक घेऊ. पाककृती म्हणते, सात इंची डबा, १८० अंश, ४० मिनिटं. घरगुती एअर फ्रायरच्या बास्केटमध्ये बहुधा सहा इंची डबाच नीट बसतो, कारण भोवती बोटभर जागा मोकळी राहिली तरच हवा डब्याच्या तळापर्यंत पोचते. सात इंची डब्याचं सगळं मिश्रण सहा इंचीत ओतलं तर त्याची उंची एक तृतीयांशाने वाढते. मग मध्यभाग शिजायला आणखी वेळ लागतो, शिवाय फुगलेला केक वरच्या कॉइलच्या जवळ जातो. म्हणून मिश्रण पाऊणपट करायचं आणि डबा अर्धाच भरायचा. डबा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा. जाड काचेच्या भांड्यात तळ तापायला उशीर होतो आणि तोवर वरचा भाग पुढे निघून जातो.

फ्रायर १६० वर चार-पाच मिनिटं आधी तापवून घ्यायचा, मग डबा ठेवायचा. पहिली १५ मिनिटं उघडून बघायचा मोह आवरावा, कारण तेव्हा केक फुगत असतो. त्यानंतर वरचा रंग बघायचा. तो बदामी झालेला असेल तर डब्यावर फॉइल लावायची, आणि तिच्या कडा डब्याच्या काठाखाली घट्ट दुमडायच्या. सैल फॉइल पंख्याच्या वाऱ्याने उडून कॉइलला चिकटू शकते. त्याच कारणाने रिकामा बटर पेपर फ्रायर तापवताना आत ठेवायचा नसतो. साधारण २८ व्या मिनिटाला मधोमध सुरी खुपसून बघायची. ओली निघाली तर तीन-तीन मिनिटं वाढवत जायचं. बहुतेक वेळा केक ३० ते ३५ मिनिटांत होतो.

पुढच्या खेपेला काय बदलायचं ते केकच सांगतो. वर घुमटासारखा फुगून तडकला असेल, तर वरचा थर लवकर घट्ट झाला आणि आतलं मिश्रण नंतर फुगताना तो फोडून वर आलं. अशा वेळी १५० अंश ठेवावेत आणि पाच-सात मिनिटं जास्त द्यावीत. सुरी कोरडी निघाली पण वर रंगच आला नाही, तर शेवटची दोन-तीन मिनिटं १७० करावेत. मिश्रण फार पातळ असेल तर वाऱ्याने ते एका बाजूला सरकून केक तिरका होतो. असं झालं तर सुरुवातीची १० मिनिटं फॉइल लावून ठेवायची.

परदेशी पाककृती वापरताना एक गोष्ट तपासायची. ३५० अंश लिहिले असतील तर ते फॅरनहाइट आहेत, म्हणजे आपले सुमारे १८०. तिथे '२५ अंश कमी करा' असं सांगितलं असेल तर तेही फॅरनहाइटच, आपल्या मोजणीत जेमतेम १४. आणि पाककृतीत 'फॅन ओव्हन' किंवा 'कन्व्हेक्शन' म्हणून आकडा दिला असेल तर पंख्याचा हिशेब आधीच झालेला असतो. मग तापमान तेच ठेवायचं आणि फक्त वेळेच्या आधी पाच-सात मिनिटं तपासायला सुरुवात करायची.