टायमिंगची गोळी

मेडिकलच्या काउंटरवर गर्दी ओसरेपर्यंत थांबणारा तरुण दुकानदाराला लांबूनच ओळखू येतो. खोकल्याचं औषध मागावं तशा चेहऱ्यानं तो हळूच विचारतो, "टायमिंगची गोळी आहे का?" दुकानदारही प्रश्न न विचारता एक पट्टी कागदात गुंडाळून देतो. सुहास (नाव अर्थातच बदललेलं) लग्नानंतर सातव्या आठवड्यात अशीच एक पट्टी घेऊन घरी गेला. त्या रात्री त्याचं डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला आणि पाणी प्यायला उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या दिवशी ती पट्टी खिशात घालून तो माझ्या दवाखान्यात आला.

पट्टीवर दोन औषधांची नावं होती, सिल्डेनाफिल आणि डॅपोक्सेटीन. पहिलं औषध ताठरता येत नसेल त्याच्यासाठी आणि दुसरं वीर्यपतन लवकर होत असेल त्याच्यासाठी. सुहासला ताठरतेची काहीच तक्रार नव्हती. म्हणजे नको असलेलं अर्धं औषध त्यानं घेतलं होतं आणि त्यातून डोकेदुखी पदरात पडली होती. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळ्या जो घेतो, त्याच्या बाबतीत सिल्डेनाफिलमुळे रक्तदाब धोकादायक इतका खाली जातो. अठ्ठावीस वर्षांच्या सुहासला हा धोका नव्हता, पण काउंटरवर त्याला ते कुणी विचारलंही नव्हतं.

"डॉक्टर, मिनिटभरही टिकत नाही," तो म्हणाला. मी विचारलं, "किती टिकायला हवं, असं तुम्हाला वाटतं?" तो गोंधळला, मग म्हणाला, "निदान वीस मिनिटं."

हा वीस मिनिटांचा आकडा मोबाइलवरच्या व्हिडिओंतून येतो. खरा आकडा मोजला गेलेला आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिका या पाच देशांतल्या पाचशे जोडप्यांनी घरी स्टॉपवॉच लावून वेळ मोजली होती. प्रवेशापासून स्खलनापर्यंतच्या वेळेचा मध्य निघाला ५.४ मिनिटं. कुणाची वेळ मिनिटापेक्षा कमी होती, तर एखाद्याची चव्वेचाळीस मिनिटं. डॉक्टर 'शीघ्रपतन' म्हणतात ते साधारण असं: पहिल्या संबंधापासूनच जवळजवळ दर वेळी मिनिटभरात स्खलन होणं, किंवा पूर्वी ठीक असलेली वेळ तीन मिनिटांच्या आत घसरणं. त्यासोबत ते लांबवता न येणं आणि त्याचा मनाला त्रास होणंही हवं. चार मिनिटांनी खट्टू होणाऱ्याला आजार नसतो, त्याची अपेक्षा चुकलेली असते.

नव्या लग्नात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांचं लवकर होतं. वर्षानुवर्षांची वाट पाहणं, अंगाला नवी असलेली ओढ आणि भिंतीपलीकडे आईवडील झोपलेले. म्हणून तक्रार साधारण सहा महिने टिकल्याशिवाय पक्कं निदान करत नाहीत. सुहासच्या घरात दोन खोल्या होत्या आणि मधल्या दाराला कडी नव्हती. माझा पहिला सल्ला कडी बसवण्याचा होता, आणि तो मी गंमत म्हणून दिला नव्हता.

आता आत काय घडतं ते पाहू. स्खलन दोन पायऱ्यांनी होतं. आधी वीर्य आतल्या ग्रंथींतून येऊन मूत्रमार्गाच्या मागच्या भागात साठतं आणि मग स्नायूंच्या झटक्यांनी बाहेर पडतं. पहिली पायरी सुरू झाली की दोन-तीन सेकंदांत दुसरी येतेच. तेव्हा कितीही दात-ओठ खाल्ले तरी उपयोग नाही. मोरी तुंबलेली असताना नळ बंद करता येतो, पण पाणी उंबऱ्यावरून वाहू लागल्यावर हात लावून ते थोपत नाही. ताबा मिळवायचा तो या क्षणाच्या बराच आधी. सुहासची अडचण नेमकी तिथे होती. तो क्षण जवळ येतोय हे त्याला कळायचंच नाही.

ते कळायला शिकवणारी 'थांबा आणि पुन्हा सुरू करा' ही पद्धत जेम्स सीमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९५६ साली मांडली. पुढे मास्टर्स आणि जॉन्सन यांनी शिश्नमुंडाच्या खालच्या बाजूला अंगठा आणि बोटांनी काही सेकंद दाब देण्याची रीत लोकप्रिय केली. माझ्या मते नवख्या जोडप्याला ती दाबादाबी अवघड पडते, साधं थांबणं पुरतं.

सुहासला मी सांगितलं, सुरुवात एकट्यानं करायची, कोरड्या हातानं, आठवड्यातून तीन-चार दिवस, घाई न करता. उत्तेजनेला मनातल्या मनात शून्य ते दहा असे गुण द्यायचे. दहा म्हणजे स्खलन, नऊ म्हणजे परतीचा रस्ता बंद. सातवर आलं की हात थांबवायचा. अर्धा-एक मिनिट काहीच करायचं नाही, श्वास मोकळा सोडायचा. तीन-चारपर्यंत उतरलं की पुन्हा सुरू. असं तीनदा थांबायचं आणि चौथ्यांदा होऊ द्यायचं. पंधरा मिनिटं सहज जाऊ लागली की हाताला वंगण लावून तेच करायचं, कारण ओलसर स्पर्श जास्त उत्तेजक असतो. मग तीच गोष्ट पत्नीच्या हातानं. त्यानंतर प्रवेश, पण आधी हालचाल न करता. पत्नी वर असेल तर सोपं जातं, कारण पुरुषाच्या अंगाचे स्नायू सैल राहतात. आणि शेवटी हालचाल, तीही थांबत थांबत.

दहा दिवसांनी तो परत आला तो वैतागून. "थांबतो, पण थांबल्या थांबल्या होऊनच जातं." म्हणजे तो नऊवर थांबत होता आणि त्याला सात म्हणत होता. मी त्याला पाचवरच थांबायला सांगितलं. दुसरी चूक खोदून विचारल्यावर कळली. तो त्या वेळी मनात सतराचा पाढा म्हणत होता. हा उपाय मित्रमंडळींत फार चालतो आणि तो उलटाच पडतो, कारण जे अंगात घडतंय तिकडेच लक्ष द्यायला शिकायचं असताना लक्ष पाढ्यात जातं. तिसरी चूक म्हणजे श्वास रोखून ओटीपोट आवळून धरणं. आवळल्यानं ताण वाढतो आणि स्खलन लवकर होतं. तिथे सैल सोडायला शिकावं लागतं, लघवी सुरू करताना जसं आपोआप सुटतं तसं.

पत्नीच्या हाताच्या पायरीवर गाडी अडली, कारण तिला यातलं काही सांगितलेलंच नव्हतं. तिसऱ्या भेटीला ती बरोबर आली आणि बराच वेळ गप्प बसल्यावर म्हणाली, "हे झालं की पाठ फिरवून झोपतात. मला वाटायचं, मी आवडत नाही यांना." सुहासला हे नवीनच होतं. त्याला वाटत होतं, ती त्याची वेळ मोजते. दोघांनाही मी एक गोष्ट सांगितली: पुष्कळ स्त्रियांना केवळ प्रवेशानं परमोच्च सुख मिळत नाही, तिथवर जायला हाताचा स्पर्श लागतो, आणि तो स्खलनानंतरही देता येतो.

सरावाची मर्यादाही सांगायला हवी. सराव सुटला की सुधारणा ओसरते आणि ज्याला पहिल्यापासूनच शीघ्रपतन आहे त्याला नुसता सराव अनेकदा अपुरा पडतो. अशा वेळी औषध घ्यायला कमीपणा नाही, पण ते एकेकटं आणि कळून घ्यावं.

डॅपोक्सेटीन मेंदूतल्या सेरोटोनिनचा परिणाम वाढवतं आणि त्यामुळे स्खलनाचा आवेग मंदावतो. सुरुवात ३० मिलिग्रॅमनं, संबंधाच्या एक ते तीन तास आधी, पेलाभर पाण्याबरोबर, चोवीस तासांत एकदाच. त्या रात्री दारू अजिबात नाही. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून आधी बसावं, मग उभं राहावं. हृदयविकार असलेल्यानं, आधी कधी भोवळ येऊन पडलेल्यानं किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्यानं ती घेऊ नये. फायदा किती? मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात सुरुवातीला सरासरी वेळ ०.९ मिनिट होती. ३० मिलिग्रॅमवर ती ३.१ मिनिटांवर गेली. पण ज्यांना औषध नसलेली खोटी गोळी दिली होती, त्यांचीही १.९ मिनिटांवर गेली. खोट्या गोळीनं मिनिट मिळवून दिलं, हे मला त्या सगळ्या हिशेबातलं सर्वांत बोलकं वाटतं.

लिडोकेनचा स्प्रे किंवा मलम हा दुसरा मार्ग. पत्रकात सांगितलेल्या मापातच तो शिश्नमुंडाला लावून, सांगितलेला वेळ थांबून, संबंधाआधी नीट पुसून किंवा धुऊन टाकायचा. पुसायला विसरलं तर बधिरपणा पत्नीलाही येतो. जास्त फवारलं किंवा फार वेळ ठेवलं तर ताठरताच जाते आणि मग नवीन भीती सुरू होते.

पॅरॉक्सेटीन किंवा सर्ट्रालीनसारख्या नैराश्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर स्खलन बरंच लांबतं. पण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, त्या एकाएकी बंद करता येत नाहीत, आणि काहींच्या शुक्रजंतूंची प्रतही त्यांनी घसरते. लवकर मूल हवं असेल तर मी त्या टाळतो. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळीही या कामासाठी कुणी कुणी सुचवतं. तिची सवय लागते, तिच्या वाटेला जाऊ नये.

आधी सगळं ठीक असताना अचानक लवकर होऊ लागलं असेल, तर मात्र थायरॉइड आणि प्रोस्टेटची तपासणी करून घ्यावी. ताठरता टिकणार नाही या धास्तीनं घाई होत असेल, तर उपचार ताठरतेचा करावा लागतो. आणि एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर रंगवलेली 'गुप्तरोगा'ची हमी? लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात १९५४च्या कायद्यानं मुळात गुन्हाच आहे.

सुहासनं तीन महिने सराव केला. मी लिहून दिलेल्या ३० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांपैकी दोन त्यानं सुट्टीच्या दिवशी वापरल्या, चक्कर आली नाही. प्रवेशानंतर तीन-चार मिनिटं जातात, मध्ये एकदा थांबावं लागतं, आणि थांबायची वेळ आता तिलाही कळते. उरलेल्या चार गोळ्या कपाटात आहेत. दाराला कडी बसली आहे.