काळाच्या प्रवाशाचं टोपणनाव

पोल अँडरसन या अमेरिकन लेखकाने १९५५ पासून 'टाइम पेट्रोल' नावाची कथामालिका लिहिली. इतिहासात कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून काळाच्या वाटांवर पहारा देणारं एक दल, आणि त्यातला मॅन्स एव्हरार्ड हा विसाव्या शतकातला न्यूयॉर्कवासी अधिकारी. १९८३ सालच्या एका कथेत त्याला इसवी सनापूर्वी ९५० च्या सुमारास टायर बंदरात, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर, उतरायचं असतं. तिथे तो फिनिशियन व्यापारी बनत नाही. तो एबोरिक्स होतो, दूर उत्तरेकडून आलेला एक केल्ट.

हे नाव का निवडलं असेल? दलाकडे यंत्र आहे, स्थानिक भाषा डोक्यात उतरवता येते, कपडे शिवून घेता येतात. एव्हरार्डचा धिप्पाड बांधा आणि चेहरामोहरा मात्र बदलता येत नाही. टायरच्या धक्क्यावर तो परका दिसणारच. मग परकेपणा लपवण्याऐवजी त्याला कारण देऊन टाकायचं, असं अँडरसनने ठरवलं. केल्ट म्हटलं की दिसणं समजतं, रीतिरिवाज न कळणं समजतं, बाळबोध प्रश्न विचारणंही समजतं. शिवाय त्याचं गाव इतकं लांब की तिथला दुसरा माणूस उद्या समोर येऊन 'तू कुणाचा?' असं विचारील, ही भीती फारशी नाही.

काळप्रवासाच्या कथा वाचताना मी आता सगळ्यात आधी टोपणनाव पाहते. लेखकाने त्या काळाचा अभ्यास किती केला आहे, हे पोशाखाच्या वर्णनापेक्षा तिथे लवकर कळतं. प्रत्येक काळ नवख्या माणसाला पहिला प्रश्न वेगळा विचारतो आणि टोपणनाव हे त्या प्रश्नाचं उत्तर असावं लागतं. शिवाय जे झाकता येत नाही त्याची सबबही त्याच नावात असावी लागते. दोन्ही साधलं तर कथा उभी राहते.

या युक्तीला कल्पनेच्या बाहेरही आधार आहे, आणि तो आपल्याच मातीत. १४६९ च्या सुमारास रशियातल्या त्वेर शहराचा अफनासी निकितिन हा व्यापारी चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. त्याने सोबत एक घोडा आणला होता. दख्खनमध्ये घोड्याला मोठी किंमत येई. मुलूख बहमनी सुलतानांचा. दरबारात इराण, खुरासान आणि त्या पलीकडून आलेल्या परदेशी मुसलमानांचं मोठं वजन होतं. अशा मुलखात निकितिनने घेतलेलं नाव होतं ख्वाजा युसूफ खुरासानी.

एबोरिक्सची सगळी गणितं इथे आहेत. गोरा रंग? खुरासानी आहे. बोलणं वेगळं? लांबून आलाय. एकटा, घोडा घेऊन? ख्वाजा म्हणजे व्यापारी माणूस, हे तर त्याचं कामच. त्या दरबाराचा पहिला प्रश्न 'कुठला?' हा होता, आणि नावाचा शेवटचा शब्दच त्याचं उत्तर देऊन मोकळा होतो.

तरीही नाव पुरलं नाही, आणि कथालेखकाने शिकावं ते इथे. हा मुसलमान नसून रशियन आहे, हे जुन्नरच्या असदखानाला कळलं. त्याने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडाही गेला आणि हजार मोहरांचा दंड, असं सांगून त्याने चार दिवसांची मुदत दिली. शेवटी एका खऱ्या खुरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा निकितिन सुटला. आपण ज्या गावचे म्हणवतो त्याच गावचा माणूस भेटणं हा तोतयाचा सगळ्यात मोठा धोका. इथे तोच त्याचा तारणहार ठरला. कथेत कुणी असं रचलं असतं तर संपादकाने 'योगायोग वाटतो' असा शेरा मारला असता.

पुढे बीदरकडे असताना त्याची बऱ्याच हिंदूंशी ओळख झाली. त्यांना त्याने सरळ सांगितलं की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, खरं नाव अफनासी आणि मुसलमानी नाव युसूफ खुरासानी. त्यानंतर त्या लोकांनी खाणंपिणं, व्यापार, पूजाअर्चा यांतलं काही आपल्यापासून लपवलं नाही, असं त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात लिहिलं आहे. दरबारी माणसांपुढे ज्या नावाने दार उघडतं, त्याच नावाने शेजारच्या घराचं दार बंद होतं. म्हणजे एका काळाला एक नाव असंही नसतं. त्या काळातल्या कोणत्या लोकांत वावरायचं आहे, त्याप्रमाणे नाव ठरतं.

आता समजा एखाद्या मराठी लेखकाला आपला नायक सातवाहनकाळच्या नाशकात पाठवायचा आहे. सोपं काम वाटतं, कारण पांडवलेण्यांच्या आणि कार्ल्याच्या शिलालेखांत त्या काळची माणसं स्वतःची ओळख कशी देत, याचे नमुनेच कोरून ठेवले आहेत. नाव, बापाचं नाव, गाव आणि पुष्कळदा धंदा. कार्ल्याला धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी वस्तूंच्या व्यापाऱ्याने, दान दिल्याची नोंद आहे. नाशिकच्या एका लेण्याचा दाता तर यवन आहे. उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. यवन असून नावं पूर्णपणे इथली. नायकाने बुधरखित नाव घेऊन 'दत्तामित्रीचा' म्हटलं तर कुणी भुवई उंचावणार नाही. एकच पथ्य पाळायचं. हे लेख प्राकृतात आहेत, तेव्हा व्यापाऱ्याच्या तोंडी 'बुद्धरक्षित' असं घोटीव संस्कृत घालू नये. धंदाही जपून निवडावा. नाशकात विणकरांच्या श्रेणी होत्या, त्यांच्याकडे लोक ठेवी ठेवत. स्वतःला विणकर म्हणवून घेतलं की श्रेणीतला पहिला माणूस मागावर बसवून बघणार.

अवघड काळ वेगळाच आहे, उत्तर पेशवाईतलं पुणं. अंतर जेमतेम सव्वादोनशे वर्षांचं, भाषा बरीचशी कळणारी, म्हणून लेखक इथे बेसावध राहतात. नायकाला एखादं कोकणस्थी आडनाव आणि 'पंत' लावून शनिवारवाड्याच्या रस्त्यावर सोडून देतात. मला हे मुळीच पटत नाही. त्या पुण्यात नाव सांगणं ही चौकशीची नुसती सुरुवात होती. मूळ गाव कोणतं, गोत्र कोणतं, शाखा कोणती, कुलस्वामी कोण, मामेकुळ कुठलं, सोयरीक कुणाशी? ऋग्वेदी म्हटलं तर संध्येतही तसंच दिसायला हवं. आणि आडनाव खरं असेल तर त्या घराण्याचा कुणीतरी चार घरं सोडून राहतच असणार. जिथे माणसाची ओळख नात्यांच्या जाळ्यात असते, तिथे खोटं नाव म्हणजे शेकडो खोटी नाती, आणि ती पाठ करून येत नाहीत.

हे किती जड जातं, त्याचा दाखला त्याच काळात आहे. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते जिवंत असल्याची आशा अनेकांनी सोडली नव्हती. काही वर्षांनी एक कनोजी ब्राह्मण स्वतःला भाऊसाहेब म्हणवू लागला. पेशव्यांनी चौकशी करून त्याला कैदेत टाकलं. पुढे रत्नागिरीच्या सुभेदाराने त्याची बाजू घेतली आणि बघता बघता कोकणातला बराच मुलूख त्याच्यामागे गेला. अखेर तो पकडला गेला आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला. हा तोतया काही काळ तरी चालला, तो एका अधिकाऱ्याने हमी घेतली म्हणून. चेहऱ्याचा आणि आठवणींचा वाटा त्यात थोडाच होता.

अँडरसनला हे नेमकं ठाऊक असावं. त्याच्या १९५९ च्या 'ब्रेव्ह टू बी अ किंग' या कथेत दलाचा एक अभ्यासक, कीथ डेनिसन, प्राचीन इराणात बेपत्ता होतो. एव्हरार्ड ग्रीक प्रवासी बनून त्याच्या शोधात जातो, तर डेनिसन सिंहासनावर. हार्पागस या सरदाराला आपल्या राजाविरुद्ध उभा करायला एक राजपुत्र हवा होता. लहानपणी मारला गेलेला सायरस खरं तर वाचला होता, असं सांगायला हा आकाशातून अवतरलेला परका त्याला सोयीचा वाटला. इथे टोपणनाव प्रवाशाने निवडलेलंच नाही. ते त्याच्यावर लादलं गेलं, आणि मग सायरसचं आयुष्य त्यालाच वर्षानुवर्षं जगावं लागलं. मालिकेतली मला ही सर्वांत चांगली कथा वाटते, कारण पत्नी न्यूयॉर्कमध्ये वाट पाहत असताना हा माणूस दुसऱ्याच नावात खरोखर राजा झालेला असतो.

मग पेशवाईतल्या पुण्यात नायकाने जावं तरी कसं? माझं उत्तर गोसावी. संन्यास घेतला की आधीचं नाव, गोत्र आणि घर सुटतं, त्यामुळे मामेकुळाचा प्रश्नच गळून पडतो. देशभर भटकणं हा गोसाव्यांचा रिवाज, तेव्हा विचित्र बोलीलाही सबब मिळते. आणि हे लोक समाजाच्या कडेला पडलेले नव्हते. व्यापार, सावकारी, लष्करी चाकरी, सगळ्यांत होते. पुण्यात गोसावीपुरा म्हणून त्यांची वस्तीच होती. हातात पैसा असणं, दूरच्या बातम्या माहीत असणं, वाड्यांत ये-जा असणं, हे सगळं गोसाव्याला शोभतं. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते गोसाव्याच्या वेशात, ही परंपरा उगीच रूढ झालेली नाही.

नायकाचं नाव भवानपुरी ठेवू. 'पुरी' हा दशनामींच्या दहा नावांपैकी एक, गिरी, भारती, सरस्वती यांसारखा. पण इथे थांबलं तर लेखकाने निम्मंच काम केलं. घरच्या नात्यांचे प्रश्न गेले, तरी पंथातले प्रश्न उभेच आहेत: गुरू कोण, गुरूचा गुरू कोण, मढी कोणती, कुंभाला कुठल्या आखाड्याबरोबर होतास? गृहस्थाला फसवणारं हे नाव दुसऱ्या गोसाव्यापुढे अर्धा तासही टिकणार नाही. म्हणून नायकाने गोसावीपुऱ्यात मुक्काम करू नये, एखाद्या सरदाराच्या वाड्यात उतरावं. आणि कथेला संकट हवंच असेल, तर ते वाड्याच्या फाटकातून आणावं: एक म्हातारा गोसावी भिक्षेला येतो, 'ओम नमो नारायण' म्हणतो आणि उत्तर ऐकून विचारतो, 'कुणाचा चेला?'

विसाव्या शतकातल्या मुंबईत पाठवलं, तर हा म्हातारा लागत नाही. तिथे प्रश्न कागद विचारतो: शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, भाडेपावती. चाळीत खोली देणाऱ्याला गोत्राशी कर्तव्य नसतं, त्याला हमीदार हवा असतो, म्हणजे पुन्हा हार्पागससारखाच कुणीतरी. त्याने ही हमी कशासाठी घेतली, हे ठरवलं की नायकाचं नाव आपोआप सुचतं.