घोटा हातात आला, पुढे काय?

चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे सरकतो आणि बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो. बोनस मिळवायचा तर त्या वेळी त्याचा मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे क्षणभर त्याचं सगळं वजन एकाच पायावर येतं. कोपरारक्षकाला घोटा धरायची उत्तम संधी हीच, आणि त्या पायाच्या गुडघ्याला सर्वांत मोठा धोकाही याच क्षणी असतो. मोठ्या वर्गांतल्या मुलांना बचाव शिकवताना या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात.

कोपरारक्षकाने कमरेत न वाकता गुडघ्यांतून खाली बसावं आणि दोन्ही हातांनी टाचेच्या वर घोट्याला पक्का विळखा घालावा. डोकं त्या पायाच्या बाहेरच्या बाजूला हवं. ते समोर राहिलं, तर उसळलेला गुडघा थेट तोंडावर बसतो. घोटा स्वतःच्या छातीकडे ओढायचा. पिरगळायचा कधीच नाही.

आता साखळी. कोपरारक्षकाचा हात शेजारच्या खेळाडूच्या हातात असतो. बोटांत बोटं गुंतवली की झटक्यासरशी ती मुरगळतात आणि वेळेवर सुटतही नाहीत. म्हणून तळहाताला तळहात. कोपरारक्षक झेपावला की जोडीदाराने त्याच क्षणी हात सोडायचा. उशीर झाला तर झेप तोकडी पडते आणि खांद्याला हिसका बसतो.

सुटलेला जोडीदार ब्लॉकला जातो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच हालचालीची वाटते. पाय जमिनीला खिळलेला असताना अंगावर बाजूने धक्का आला, तर गुडघा आडवा मुडपतो. म्हणून त्याने चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्या मध्ये यायचं, पाय फाकवून, छाती ताठ ठेवून परतीची वाट अडवायची आणि कमरेला मिठी घालायची. धावत येऊन डोकं खुपसायचं नाही. तिसरा गडी दुसऱ्या बाजूने कमरेलाच धरेल. बाकीच्यांनी ढिगावर उड्या टाकू नयेत, कारण डोक्यावर डोकं आपटतं ते तिथे.

गळा, केस आणि कपडे धरायचे नाहीत, तोंड दाबायचं नाही, पायांची कात्री घालायची नाही. नखं कापलेली हवीत. अंगठी, कडं उतरवलेलं हवं.

सरावात आधी हे सगळं चालत करून घ्यावं, मग अर्ध्या वेगाने, आणि शिट्टी वाजताच पकड सुटलीच पाहिजे. चढाईपटू दर वेळी कुशीवर कोसळत असेल, तर ब्लॉक बाजूने येतो आहे असं समजावं आणि वेग पुन्हा कमी करावा. गुडघ्यात ‘टक्’ झालं, सूज आली किंवा पायावर भार घेता येईना, तर त्याला बसवून डॉक्टरकडे न्यावं. डोक्याला मार लागलेला मुलगा ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवायचं नाही.