पंप घुमतो, पण फिरत नाही

बटण दाबल्यावर घरगुती पंप नुसता घुमत राहिला, तर तो तत्काळ बंद करावा. जखडलेली मोटर नेहमीच्या अनेकपट विद्युतप्रवाह खेचते आणि तिचे वाइंडिंग जळू शकते. मुख्य स्विच बंद करून मागील पंख्याकडून शाफ्ट फिरवून पाहावा. तो हलत नसेल, तर दीर्घकाळ बंद राहिल्याने गंज वा क्षार साचून इंपेलर अडकलेला असण्याचा संभव असतो.

शाफ्ट सहज फिरत असल्यास कपॅसिटर तपासावा. त्यातील साठलेला विद्युतभार उतरवून मोजणी करावी. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ६ दाखवीत असेल, तर त्याच क्षमतेचा व त्याच व्होल्टेजचा नवा बसवावा.

कपॅसिटर ठीक असूनही पंप घुमतच असेल, तर वीजतंत्रीकडून पंपापाशीच, आणि तेही सुरू होण्याच्या क्षणी, व्होल्टेज मोजून घ्यावे. पंप बंद असताना २३० व्होल्ट आणि बटण दाबताच १६५ व्होल्ट आढळल्यास मोटरचा आरंभीचा जोर जवळजवळ निम्मा होतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. मोटर निर्दोष असल्यास अशा वेळी दोष बहुधा लांब, बारीक वायरीत किंवा सैल जोडात सापडतो.