एका सभागृहात मुलं आणि आईबाबा

जानेवारीत शाळाशाळांतून ‘परीक्षेचा ताण’ या विषयावर व्याख्यानं होतात. मुलं पुढे सतरंजीवर, पालक मागे खुर्च्यांवर. समुपदेशकाला हा श्रोतृवर्ग अवघड जातो. मुलांदेखत आईवडिलांना चार शब्द सुनावले तर टाळ्या पडतात, पण त्याचं उट्टं घरी जाताना रिक्षात निघतं. पालकांची बाजू घेतली तर मुलं तिथल्या तिथे कान मिटून घेतात.

म्हणून जाणते समुपदेशक सुरुवातीला फारसं बोलतच नाहीत, कोऱ्या चिठ्ठ्या वाटतात. नाव नाही, तुकडी नाही. मुलांनी लिहायचं, परीक्षेच्या दिवसांत घरातलं कोणतं वाक्य नकोसं होतं. पालकांनी लिहायचं, या दिवसांत आपल्याला कशाची धास्ती वाटते. चिठ्ठ्या आधी स्वतः चाळून, जिच्यावरून घर ओळखू येईल ती बाजूला ठेवून बाकीच्या मोठ्याने वाचायच्या. ‘तुझ्यासाठी आम्ही किती करतो’ हे मुलांच्या चिठ्ठ्यांत असतंच. पालकांपैकी कुणी लिहितं, ‘अभ्यासावरून बोलायची भीती वाटते, हिने जिवाचं काही केलं तर?’ आपल्या आईबाबांनाही भीती वाटते, हे बऱ्याच मुलांच्या कानी तेव्हा पहिल्यांदा पडतं.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. एखाद्या चिठ्ठीत खरोखर काळजी वाटावी असं काही निघालं, तर ती कुणाची हे कळत नाही. त्यामुळे कार्यक्रम संपल्यावर आपण कोणत्या खोलीत, किती वेळ बसणार आहोत, हे समुपदेशकाने सर्वांना सांगायलाच हवं.

मुलांची हमखास येणारी तक्रार म्हणजे ‘येत होतं, पण पेपरात आठवलंच नाही’. पालकांना ही सबब वाटते. ती सबब असेलच असं नाही. भीतीने ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसोल वाढतात, छाती धडधडते आणि शिकलेलं शाबूत असूनही नेमक्या वेळी वर येत नाही. त्यात ‘आता माझं काय होणार’ हा विचार डोक्यातली जागा अडवून बसतो. घरी परतताना तेच उत्तर आपसूक आठवलं, तर ते येत होतं हे उघड आहे.

दहावीचा भूमितीचा पेपर घ्या. चाळीस गुण, दोन तास. एका मुलीला प्रमेयाची सिद्धता मधेच आठवेना. ती पंधरा मिनिटं तिथेच अडकली, घाम फुटला आणि पुढची सोपी रचनाही चुकली. तिने काय करायला हवं होतं? पेन खाली ठेवायचं. श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा, असं पाच-सहा वेळा. मग उत्तरपत्रिकेत जागा सोडून खात्रीने येणारा प्रश्न लिहायला घ्यायचा. हात चालू लागला की भीती ओसरू लागते आणि अडलेलं बरेचदा परत आठवतं. पण ही युक्ती पहिल्यांदाच बोर्डाच्या पेपरात करून पाहिली तर जमत नाही. घरी जुने पेपर घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवायचे आणि अडलं की तिथेच हे करायचं.

पालकांचं काम त्या दिवशी दुपारी सुरू होतं. पेपर हातात घेऊन ‘याचं काय लिहिलंस?’ म्हणत गुण मोजत बसू नये. झालेला पेपर बदलत नाही, उद्याचा मात्र बिघडतो. जेवण आणि झोप, एवढंच बघावं. आणखी एक गोष्ट मुलांदेखत मोकळेपणी सांगावी. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षाही होते. हे सांगितलं तर मूल अभ्यास सोडेल, असं अनेकांना वाटतं. माझ्या मते पुढची वाट ठाऊक असलेलं मूल कमी घाबरतं.

हे झालं नेहमीच्या ताणाविषयी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक गेली, मित्र तोडले, आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या, ‘मी नसले तर बरं’ असं बोलणं आलं, तर तो केवळ परीक्षेचा ताण समजून सोडून देऊ नये. अशा वेळी सरळ विचारावं, ‘मरावंसं वाटतं का तुला?’ विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नये, शपथा घालू नयेत. मुलाला एकटं सोडू नये, घरातली औषधं आणि शेतावरचं कीटकनाशक कुलपात ठेवावं आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

तासाभराच्या व्याख्यानाने कुणी बरं होत नाही. व्याख्यान ठेवणाऱ्या शाळेने दुसऱ्या दिवसापासून मुलांना एकट्याने भेटता येईल असा समुपदेशकही द्यावा. तो नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, मुलांच्याही.