कृत्तिकांचा हिशेब आणि ०.३ प्रतीचा घोळ

कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र ज्या इवल्याशा पुंजक्याच्या आसपास असतो, त्या कृत्तिका. साध्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, दुर्बिणीतून शेकडो. १९९७ साली हिप्पार्कस या युरोपीय उपग्रहाची तारकासूची प्रसिद्ध झाली, तेव्हा या पुंजक्याचे अंतर निघाले सुमारे ११८ पार्सेक. (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे.) खगोलशास्त्रज्ञ मात्र त्याआधी अनेक वर्षे ते १३० पार्सेकच्या पुढे धरत आले होते. उपग्रहाने थेट मोजलेले अंतर खरे मानायचे, की ताऱ्यांच्या तेजावरून काढलेले? हा वाद पुढे जवळपास वीस वर्षे चालला.

तेजावरून अंतर काढायची रीत समजण्यासाठी आधी ‘प्रत’ समजून घेऊ. तारा जितका तेजस्वी, तितका त्याच्या प्रतीचा आकडा लहान. पहिल्या प्रतीचा तारा ठळक, तर सहाव्या प्रतीचा अंधाऱ्या माळरानावरून जेमतेम दिसणारा. ही वर्गवारी प्राचीन ग्रीकांची. तिला नेमके माप दिले ते नॉर्मन पॉग्सन यांनी, १८५६ मध्ये. पुढे हेच पॉग्सन मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. त्यांचा नियम असा : पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभरपट फरक. म्हणजे एका प्रतीमागे सुमारे अडीचपट.

पृथ्वीवरून दिसते ती ताऱ्याची दृश्य प्रत, m. पण ताऱ्याचे अंगचे तेज तिच्यावरून कळत नाही, कारण कोणी जवळ आहे, कोणी लांब. म्हणून सगळे तारे एकाच अंतरावर, १० पार्सेकवर, आणून ठेवले तर कसे दिसतील, हे विचारायचे. त्या कल्पित जागेवरून जी प्रत येईल ती निरपेक्ष प्रत, M. आपला सूर्य तिथे नेला, तर तो ४.८ प्रतीचा होईल. आज डोळे दिपवणारा सूर्य तिथे शहराच्या उजेडात शोधूनही सापडणार नाही.

आता दोन गोष्टी जोडू. अंतर दहापट झाले, की प्रकाश शंभरपट क्षीण होतो. आणि शंभरपट क्षीण होणे म्हणजे पाच प्रती उतरणे. तेव्हा m आणि M यांच्यात पाचाचा फरक असेल, तर तारा १० पार्सेकच्या दहापट दूर, म्हणजे १०० पार्सेकवर. फरक दहाचा असेल, तर १००० पार्सेकवर. फरक शून्य असेल, तर तारा नेमका १० पार्सेकवरच. हेच सूत्राच्या भाषेत असे लिहितात :

m − M = 5 log d − 5

इथे d हे पार्सेकमधले अंतर, आणि log दहाच्या पायाचा. डाव्या बाजूच्या वजाबाकीला अंतर-मापांक म्हणतात. मधले फरकही अवघड नाहीत : एका प्रतीमागे अंतर सुमारे १.५८ पट वाढते.

m दुर्बिणीने मोजता येतो. पण M कुठून आणायचा? तारा काही १० पार्सेकवर नेऊन ठेवता येत नाही. यावर उत्तर ताऱ्याच्या रंगात आहे. सूर्याच्या शेजारचे कित्येक तारे इतके जवळ आहेत, की पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ते मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेले दिसतात. या सरकण्याला पराशय म्हणतात, आणि त्यावरून त्यांचे अंतर थेट मिळते. अंतर मिळाले, की त्यांचा M मिळतो. मग असे दिसते, की आयुष्याच्या मुख्य टप्प्यात असलेल्या ताऱ्यांचा रंग आणि M यांची जोडी ठरलेली असते : निळा तारा तेजस्वी, पिवळा मध्यम, तांबडा मंद. दूरच्या पुंजक्यातला तारा त्याच टप्प्यातला असेल, तर त्याच्या रंगावरून M वाचता येतो.

कृत्तिकांमध्ये सूर्यासारखा पिवळा तारा शोधला, तर तो साधारण १०.६ प्रतीचा दिसतो, असे आकडे सोपे करून धरू. M सूर्याचाच, ४.८. वजाबाकी ५.८. सूत्रानुसार अंतर १४५ पार्सेकच्या आसपास येते.

पण इथे थांबलो तर चुकू. आपल्या आणि कृत्तिकांच्या मध्ये विरळ धूळ आहे. ती प्रकाश गिळते, म्हणून तारा खऱ्या अंतराला शोभेल त्याहून मंद दिसतो आणि सूत्र त्याला उगाच दूर ढकलते. धूळ निळा प्रकाश जास्त गिळते, त्यामुळे तिचा पत्ताही लागतो : वर्णपटावरून ताऱ्याचा जो रंग असायला हवा, त्यापेक्षा तो तांबूस दिसतो. त्या तांबूसपणावरून काढलेली घट कृत्तिकांच्या बाबतीत सुमारे ०.१ प्रत भरते. ती वजा केली, की मापांक ५.७. त्यातल्या पाचाचे १०० पार्सेक, उरलेल्या ०.७ चे १.३८ पट. अंतर आले १३८ पार्सेक, म्हणजे सुमारे ४५० प्रकाशवर्षे.

दुसरा सापळा जुळ्यांचा. दोन सारखे तारे एकमेकांभोवती फिरत असतील आणि दुर्बिणीला एकच ठिपका दिसत असेल, तर तेज दुप्पट, म्हणजे ०.७५ प्रत जास्त ठळक. त्याला एकटा समजून हिशेब केला, तर १३८ पार्सेकचे ९८ होतात. म्हणून एका ताऱ्यावर कोणी विसंबत नाही. पुंजक्यातल्या सगळ्या ताऱ्यांचा रंग आणि प्रत आलेखावर मांडतात. एकट्या ताऱ्यांची एक तिरपी रेघ दिसते, आणि सारख्या जोड्यांची तिच्या वर पाऊण प्रतीवर दुसरी, फिकट रेघ. खालच्या रेघेवरूनच अंतर काढायचे.

आता हिप्पार्कसकडे परत येऊ. ११८ पार्सेकचा मापांक ५.३६ होतो. म्हणजे वाद अवघ्या ०.३ प्रतीचा. पण ते अंतर खरे मानले, तर कृत्तिकांतले तारे त्याच रंगाच्या शेजारच्या ताऱ्यांपेक्षा जवळपास पावपट मंद ठरत होते. तसे का व्हावे, याचे पटेल असे कारण ताऱ्यांच्या सिद्धान्तात सापडेना. दुसरीकडे, उपग्रहाने मोजलेला पराशयही फार सूक्ष्म होता. दोन्ही अंतरांमधला फरक म्हणजे पराशयात एका विकलेचा जेमतेम हजारावा भाग, आणि एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग.

२०१४ मध्ये एकमेकांपासून हजारो किलोमीटरवरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून कृत्तिकांतल्या काही ताऱ्यांचा पराशय मोजला, तेव्हा अंतर १३६ पार्सेक आले. मग गाया या उपग्रहाने पुंजक्यातले शेकडो तारे अधिक बारकाईने मोजले, आणि उत्तर त्याच्याच आसपास पडले. चूक हिप्पार्कसच्या कृत्तिकांच्या मोजणीत होती. रंग, धूळ आणि जुळे सांभाळून केलेली जुनी वजाबाकी बरोबर निघाली.